प्रस्तावना: जनगणनेच्या जुन्या तक्त्यांचे मथळे एका ओळीत आणताना

१९७१ च्या जनगणनेची एखादी जिल्हा पुस्तिका उघडून प्राथमिक गोषवाऱ्याच्या तक्त्यावर बोट ठेवा. खाली गावागणिक एक ओळ आहे, प्रत्येक ओळीत आकडेच आकडे. त्या आकड्यांत वाचकाला काही अवघड नसते. अवघड असतो तो वरचा मथळा. त्यात ‘काम करणारे’ असे एक लांबलचक शीर्षक कित्येक रकान्यांवर पसरलेले असते. त्याच्या पोटात उद्योगांचे नऊ वर्ग असतात. त्यांतल्या ‘वस्तुनिर्माण, प्रक्रिया, सेवा व दुरुस्ती’ या पाचव्या वर्गाच्या पोटात ‘घरगुती उद्योग’ आणि ‘घरगुती उद्योगाखेरीज’ असे दोन भाग असतात, आणि अगदी तळाशी पुरुष व स्त्रिया. म्हणजे ‘१४’ या एका आकड्याचा अर्थ कळायला त्याच्या डोक्यावरचे चार थर वाचावे लागतात. कागदावर हे काम रेघा करतात. कोणते शीर्षक कुठून कुठपर्यंत पसरले आहे हे आडव्या-उभ्या रेघांवरून डोळ्याला तत्काळ कळते आणि वाचकाला आपण काही उलगडतो आहोत याची जाणीवही होत नाही.

डेटाबेसला हे चार थर समजत नाहीत. त्याला एक ओळ हवी असते, त्या ओळीत प्रत्येक रकान्याला एक नाव हवे असते आणि एक नाव दोनदा येऊन चालत नाही. स्कॅन केलेल्या पानाचा चार थरी मथळा अशा एका ओळीत कसा उतरवायचा, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. जुन्या जनगणनेवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाताशी ती असावी म्हणून ती लिहिली. आकडे कसे ओळखून घ्यावेत यावर आता पुष्कळ साधने आणि पुष्कळ लेखन आहे. मथळ्याकडे मात्र ‘ते नंतर हाताने नीट करू’ अशा वृत्तीने पाहिले जाते. आकडा चुकला तर एका गावाचे नुकसान होते. मथळा चुकला तर साऱ्या जिल्ह्याचा रकाना चुकतो, आणि तोही असा की वरवर पाहणाऱ्याला खटकत नाही.

चूक नेमकी कुठे शिरते ते आधी पाहू. एक्सेलमध्ये मर्ज केलेले सेल सुटे केले, की शीर्षक डावीकडच्या पहिल्या सेलमध्ये राहते आणि बाकीचे सेल रिकामे होतात. त्यामुळे ‘रिकाम्या जागी डावीकडचे शीर्षक भरत जा’ हा उपाय सर्वांना सुचतो. एक्सेलमध्येच तयार झालेल्या तक्त्याला तो बहुतेक वेळा लागूही पडतो. स्कॅन केलेल्या पानाचे तसे नाही. छापखान्याने शीर्षक त्याच्या पट्टीच्या मध्यभागी जुळवलेले असते. अक्षरओळख करणारे सॉफ्टवेअर रेघा नीट धरू शकले नाही, तर शब्द जिथे दिसतो त्याच्या खालच्या रकान्यात तो टाकून मोकळे होते. पाचव्या वर्गाचे शीर्षक चार रकान्यांवर पसरलेले आहे: घरगुती उद्योगातले पुरुष आणि स्त्रिया, घरगुतीखेरीज उद्योगातले पुरुष आणि स्त्रिया. शब्द मध्यावर असल्याने तो यांतल्या दुसऱ्या रकान्यात पडला असे समजा. आता डावीकडून उजवीकडे भरत गेलो, तर पहिल्या रकान्याला आधीच्या चौथ्या वर्गाचे शीर्षक मिळते. तो वर्ग खाणी व दगडखाणींचा आहे. गावातले घरी माग चालवणारे, मडकी घडवणारे, टोपल्या विणणारे पुरुष एका फटक्यात खाणकामगार होतात, आणि त्याच घरांतल्या स्त्रिया मात्र आपल्या जागी राहतात.

कधी कधी अशा चुकीची सूचना मिळते, कारण खाणीतल्या पुरुषांच्या नावाचे दोन रकाने तयार होतात. पण तीही सूचना दाबली जाण्याची सोय साधनांतच आहे. पायथनमधल्या पांडाज या ग्रंथालयाला सीएसव्ही वाचताना एकच नाव दोनदा आढळले, तर ते तक्रार करत नाही. दुसऱ्या नावाला `.1` असे शेपूट जोडून पुढे जाते. म्हणून मथळ्याची ओळ पांडाजच्या हाती जाण्याआधीच नावे एकमेव आहेत की नाहीत हे तपासावे, असा या पुस्तिकेचा आग्रह आहे.

आग्रह आणखी एक आहे, आणि तो काहींना जुन्या वळणाचा वाटेल: मथळा अक्षरओळखीच्या साधनाकडे देऊच नये. अरुंद रकान्यांची शीर्षके अनेकदा उभी छापलेली असतात, शब्द मध्येच तोडून दोन-तीन ओळींत बसवलेले असतात, शाई पसरलेली असते. यंत्राला सर्वांत कठीण असलेला भाग तोच. पण एका जिल्ह्याच्या पुस्तिकेत या तक्त्याचा मथळा पानोपानी तोच असतो. तालुका बदलतो, गावे बदलतात, मथळा बदलत नाही. तेव्हा एकदा बसून, मूळ पान समोर ठेवून, तो हाताने लिहून काढणे हाच सर्वांत कमी श्रमाचा आणि सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. यंत्राने आकडे वाचावेत, मथळा माणसाने वाचावा.

हाताने लिहायचे म्हणजे काय लिहायचे? अंतिम नावे थेट लिहू नयेत. पानावर जे दिसते ते लिहावे: कोणते शीर्षक, कोणत्या थरावर, कोणत्या रकान्यापासून कोणत्या रकान्यापर्यंत. यासाठी छपाईनेच एक फार मोठी सोय करून ठेवली आहे. मथळ्याच्या तळाशी, आकडे सुरू होण्याआधी, रकान्यांचे अनुक्रमांक छापलेले असतात. तक्ता समोरासमोरच्या पानांवर पसरला असला, तरी हे क्रमांक डावे पान संपल्यावर उजव्या पानावर पुढे चालू राहतात. ही क्रमांकांची ओळ पुष्कळ जण साफसफाईच्या पहिल्याच फेरीत ‘निरुपयोगी’ म्हणून काढून टाकतात. ती काढू नका. शीर्षकाची हद्द सांगायला त्याहून पक्का आधार पानावर दुसरा नाही.

काम करणाऱ्यांच्या भागातला एक तुकडा घेऊन हे दाखवतो. सोयीसाठी रकान्यांचे क्रमांक १ पासून धरले आहेत आणि फक्त एकूण काम करणारे व पाचवा वर्ग एवढेच घेतले आहे.

```
star,pasun,paryant,code
1,1,6,wrk
2,1,2,tot
2,3,6,mfg
3,3,4,hh
3,5,6,oth
4,1,1,m
4,2,2,f
4,3,3,m
4,4,4,f
4,5,5,m
4,6,6,f
```

पहिल्या ओळीचा अर्थ असा: पहिल्या थरावरचे ‘काम करणारे’ हे शीर्षक रकाना १ ते ६ वर पसरले आहे. ‘एकूण’च्या खाली तिसरा थर नाही, म्हणून तिथे काही लिहिलेले नाही. रिकामी जागा भरण्याचा प्रश्नच इथे उरत नाही, कारण प्रत्येक शीर्षकाने आपली हद्द स्वतः सांगितली आहे. या यादीवरून मथळ्याची ओळ काढायला एवढे पुरते:

```python
import pandas as pd

s = pd.read_csv("shirsh_1971.csv")
nav = {}
for r in s.sort_values("star").itertuples():
    for n in range(r.pasun, r.paryant + 1):
        nav.setdefault(n, []).append(r.code)

shirsh = ["_".join(nav[n]) for n in sorted(nav)]
assert len(set(shirsh)) == len(shirsh)
```

हाती येतात `wrk_tot_m`, `wrk_tot_f`, `wrk_mfg_hh_m`, `wrk_mfg_hh_f`, `wrk_mfg_oth_m` आणि `wrk_mfg_oth_f`. शेवटची ओळ नावे एकमेव आहेत का ते पाहते आणि नसली तर तिथेच थांबवते. हद्दींची आणखी एक तपासणी करून घ्यावी: एकाच थरावरच्या दोन शीर्षकांच्या हद्दी एकमेकींवर चढता कामा नयेत आणि खालच्या शीर्षकाची हद्द वरच्याच्या बाहेर जाता कामा नये. `hh` चुकून ३ ते ५ लिहिले गेले, तर ते `oth` वर चढते आणि चूक लगेच सापडते.

आता नावांविषयी. मूळ शीर्षके जशीच्या तशी जोडून लांब नाव करावे, म्हणजे अर्थ हरवणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रकान्याचे नाव ६३ बाइटांपर्यंतच टिकते. त्यापुढचा भाग एक सूचना देऊन कापला जातो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. म्हणजे मराठी नाव २१ चिन्हांतच संपते. ‘काम करणारे वस्तुनिर्माण घरगुती पुरुष’ यातला भेद करणारा भाग शेवटी आहे आणि कात्री नेमकी तिथेच चालते. चारही रकान्यांची उरलेली नावे एकसारखी होतात आणि तक्ता तयार करतानाच अडते. म्हणून रकान्याला लहान संकेत द्यावा आणि पूर्ण मराठी-इंग्रजी शीर्षक, पानाचा क्रमांक, छापील रकाना क्रमांक आणि एकक हे सगळे वेगळ्या कोशतक्त्यात ठेवावे. वरची हद्दींची यादी या कोशाचा पाया होतेच.

संकेत ठरवताना जनगणना कार्यालयाने २००१ आणि २०११ च्या गोषवाऱ्यासाठी स्वतः काय केले ते पाहणे उपयोगी आहे, कारण तोही मुळात थरांचा मथळा एका ओळीत आणण्याचाच प्रयत्न होता. मुख्य काम करणाऱ्यांमधले शेती कसणारे `MAIN_CL_P`, शेतमजूर `MAIN_AL_P`, घरगुती उद्योगवाले `MAIN_HH_P`, इतर `MAIN_OT_P`, आणि शेवटचे अक्षर व्यक्ती, पुरुष की स्त्रिया ते सांगणारे. वाचायला सोपी, आटोपशीर पद्धत आहे. पण त्याच फायलीत साक्षर `P_LIT` आहेत आणि सहा वर्षांपर्यंतची मुले `P_06`. इथे तेच अक्षर पुढे आले. २०११ च्या फायलीत सीमान्त कामगारांमध्ये तीन ते सहा महिने काम केलेले `MARGWORK_3_6_P` आहेत, आणि तिथे अधोरेषा थर सांगत नाही, महिन्यांची मर्यादा सांगते. या नावांचे पुढे अधोरेषेवर तुकडे करून ‘वर्ग’ आणि ‘लिंग’ असे वेगळे रकाने काढायला गेलात, तर प्रत्येक अपवादासाठी नवा नियम लिहावा लागतो. आपण नव्याने संकेत ठरवत असू, तर लिंगाचे अक्षर नेहमी शेवटी ठेवावे आणि थराच्या संकेतात अधोरेषा कधीच घालू नये. तरच एका ओळीत आणलेल्या नावावरून मूळचे थर परत उभे करता येतात.

संकेतात छापील रोमन अंक वापरण्याचा मोह फार होतो, कारण तो लहान असतो आणि पानावर तयार मिळतो. पुस्तिकेचे एक अख्खे प्रकरण याच एका मोहावर खर्च केले आहे. १९६१ आणि १९७१ या दोन्ही जनगणनांत काम करणाऱ्यांचे वर्ग नऊच आहेत, दोन्हीकडे पहिला वर्ग शेती कसणाऱ्यांचा, दुसरा शेतमजुरांचा, दहावा काम न करणाऱ्यांचा. वरवर पाहता रचना तीच. पण १९६१ मध्ये खाणी, दगडखाणी, पशुपालन, वने, मासेमारी, फळबागा हे सगळे मिळून तिसरा वर्ग होता, चौथा घरगुती उद्योगाचा आणि पाचवा घरगुतीखेरीज वस्तुनिर्माणाचा. १९७१ मध्ये खाणी तिसऱ्या वर्गातून काढून त्यांना चौथा क्रमांक दिला गेला, आणि घरगुती उद्योग पाचव्या वर्गाचा पहिला उपभाग झाला. म्हणजे `cat4_m` असे नाव देऊन दोन्ही दशके एकाखाली एक जोडली, तर १९६१ चे विणकर आणि १९७१ चे खाणकामगार एकाच रकान्यात उभे राहतात.

ही चूक कुठे उघडी पडेल ते जिल्ह्यावर अवलंबून आहे. रत्नागिरीच्या एखाद्या तालुक्यात १९६१ मध्ये गावोगाव खाणकामगार दिसले, तर अभ्यासक थबकेल. पण १९६१ चा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून, घ्या. तिथे बल्लारपूर, घुग्गुस परिसरात कोळशाच्या खाणी खरोखरच आहेत. चौथ्या वर्गात माणसे असणे तिथे अपेक्षितच असते. दशकभरात ती कमी झालेली दिसली, तर खाणउद्योगाच्या घसरणीचे स्पष्टीकरणही कोणी मांडू शकेल. प्रत्यक्षात १९६१ चा मोठा आकडा विणकरांचा आणि कुंभारांचा असेल. अशी चूक कोणत्याही यंत्राला सापडत नाही. म्हणून संकेत अर्थावरून ठेवावा, अंकावरून नाही: खाणींना `min`, घरगुती उद्योगाला `hh`, आणि १९६१ च्या एकत्रित तिसऱ्या वर्गाला स्वतःचा वेगळा संकेत, कारण तो १९७१ च्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्गांची बेरीज केल्यावरच तिच्याशी तुलना करण्याजोगा होतो.

बेरजा जुळल्या की मथळा बरोबर आहे असे मानण्याचा प्रघात आहे. त्याविषयी सविस्तर बोलायला हवे, कारण बेरीज काही चुका पकडते आणि काही तिला अजिबात दिसत नाहीत. उदाहरण म्हणून एका काल्पनिक गावातले काम करणारे पुरुष घेऊ: एकूण २१२. वर्गवार शेती कसणारे १२०, शेतमजूर ४८, पशुपालन वगैरे ३, खाणी शून्य, घरगुती उद्योग १४, इतर वस्तुनिर्माण ६, बांधकाम २, व्यापार ५, वाहतूक १, इतर सेवा १३. बेरीज २१२, जुळली. आता खाणींच्या शून्याऐवजी कागदावर नुसती टिंबे किंवा आडवी रेघ असते. अक्षरओळखीने खाणींचे पुरुष आणि स्त्रिया असे दोन्ही सेल गाळले, तर त्यापुढचे सगळे आकडे दोन रकाने डावीकडे सरकतात आणि ‘इतर सेवा’च्या जागी काम न करणाऱ्या पुरुषांची मोठी संख्या येते. बेरीज फसते आणि ओळ पकडली जाते. आकड्यांच्या घसरणीला बेरीज चांगली आवर घालते.

मथळ्यातल्या अदलाबदलीला मात्र ती आंधळी आहे. ‘घरगुती’ आणि ‘घरगुतीखेरीज’ ही नावे उलटी लागली, तर १४ आणि ६ यांच्या जागा बदलतात, पण बेरीज २१२ च राहते. पुरुष आणि स्त्रिया या नावांची सगळ्या तक्त्यात अदलाबदल झाली, तरी पुरुष अधिक स्त्रिया बरोबर एकूण व्यक्ती हे समीकरण जुळलेलेच राहते. एकाच पालकाखालची भावंडे आपसांत बदलली, तर त्या पालकाची बेरीज कधीच बोलत नाही. त्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो. राज्याच्या खंडात त्याच जिल्ह्याची वर्गवार एकूण संख्या छापलेली असते. ती आपल्या रकान्यांच्या एकूण बेरजेशी, नाव धरून, एकेक ताडून पाहावी. जिल्ह्याच्या पातळीवर दोन वर्गांची एकूण संख्या तंतोतंत सारखी असणे जवळजवळ अशक्य असल्याने, इथे अदलाबदल लपत नाही. मूळ छपाईतच बेरीज चुकलेली असेल, असेही होते. तेव्हा आकडा दुरुस्त करू नये. छापल्याप्रमाणे ठेवावा आणि शेजारी खुणेचा रकाना द्यावा.

आयात करण्याच्या शेवटच्या पायरीवरही मथळ्याची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोस्टग्रेसच्या `COPY` ला `HEADER` सांगितले, की फायलीतली पहिली ओळ वगळली जाते; ती वाचून जुळवली जात नाही. आकडे रकान्यांच्या क्रमाने भरले जातात. तुमच्या तक्त्यात स्त्रियांचा रकाना पुरुषांच्या आधी तयार झाला असेल, तर एवढ्या कष्टाने केलेला मथळा असूनही आकडे उलटे बसतील. आवृत्ती १५ पासून नावे आणि क्रम जुळतात का हे पाहण्याची सोय आली आहे. ती आवर्जून वापरावी:

```sql
\copy pca_1971 FROM 'chandrapur.csv' WITH (FORMAT csv, HEADER MATCH)
```

या पुस्तिकेचा शेवटचा भाग १९८१ विषयी आहे आणि तो सर्वांत अपुरा आहे. त्या वर्षी ‘मुख्य काम करणारे’ आणि ‘सीमान्त काम करणारे’ असा भेद आला. गावपातळीवरच्या गोषवाऱ्यात मुख्य काम करणाऱ्यांचे नऊ वर्ग न देता चारच दिले गेले: शेती कसणारे, शेतमजूर, घरगुती उद्योग, आणि बाकीचे सगळे मिळून एक. १९७१ साठी केलेल्या मथळ्यात १९८१ ची फाईल घातली, की खाणी, बांधकाम, व्यापार, वाहतूक हे रकाने मोकळे राहतात. त्या मोकळ्या जागी शून्य घालू नये, तिथे `NULL` हवे. १९७१ च्या तक्त्यात टिंबे म्हणजे त्या गावात असा माणूस नाही. १९८१ मध्ये रकानाच नसणे म्हणजे गावपातळीवर ही माहिती छापली गेलेली नाही. म्हणून कोशतक्त्यात प्रत्येक संकेतापुढे तो कोणत्या जनगणनेत छापला गेला आहे हे वर्ष नोंदवावे. साक्षरांच्या रकान्यालाही हेच लागू आहे. १९८१ पर्यंत पाच वर्षांखालील मुले निरक्षर धरली जात, आणि १९९१ पासून ही मर्यादा सात वर्षांवर गेली. `lit_m` हे नाव दोन्हीकडे तेच ठेवायला हरकत नाही, मात्र वयाची मर्यादा त्या-त्या वर्षापुढे कोशात लिहिलेली असली पाहिजे.